बारदानावरची घडणावळ: एका मंगळसूत्राच्या बिलाची उलट तपासणी

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतलं हे प्रकरण. माणसं आणि दुकान ओळखू येऊ नयेत म्हणून खाणाखुणा बदलल्या आहेत. वजनं आणि टक्के होते तेच ठेवले आहेत. सोन्याचा भाव मात्र आकडेमोड सोपी व्हावी म्हणून गोल केला आहे, कारण भाव रोज बदलतो आणि इथे मुद्दा भावाचा नाहीच.

मी एका करसल्लागाराकडे जमाखर्चाचं काम करतो. दुकानांची बिलं तपासून जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा रोजचा उद्योग असल्यामुळे वाडीत कुणाच्या हातात लांबलचक पावती आली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. शेजारच्या काकींची अशीच आली.

काकींच्या मुलाचं लग्न वैशाखअखेरीला होतं. आंब्याचा हंगाम संपत आला होता, वाशीहून शेवटच्या पेट्यांची पट्टी येऊन गेली होती आणि काजूबीचे पैसेही हातात होते. सुनेसाठी मंगळसूत्र घ्यायला काकी मुलाला घेऊन तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका सराफाकडे गेल्या. मागे सोन्याची साखळी, पुढे काळ्या मण्यांचे दोन पदर, मध्ये सोन्याचे मणी आणि दोन वाट्या, असा नग त्यांनी पसंत केला. फळ्यावर 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 9,000 रुपये होता. दुकानातल्या मुलाने तोंडी सांगितलं, "घडणावळ बारा टक्के, बाकी जीएसटी." काकींनी जुन्या कुड्या आणि एक अंगठी मोडीत घालायला नेली होती. यंत्रावर त्यांची शुद्धता 82 टक्के आली, वजन 4.800 ग्रॅम भरलं, आणि ग्रॅमला 8,000 प्रमाणे 38,400 रुपये धरले गेले.

भाव वर जाण्याची हवा होती, म्हणून काकींनी पाच हजार बयाणा देऊन त्या दिवशीचा भाव बांधला. उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी आणायचे ठरलं. संध्याकाळी दुकानातून व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो आला. ते पक्कं बिल नव्हतं, दुकानात ज्याला एस्टिमेट म्हणतात ती चिठ्ठी होती. बयाणा शेवटी वळता झाला, म्हणून खालच्या आकड्यांत तो धरलेला नाही.

चिठ्ठीत काय होतं

मंगळसूत्र, 22 कॅरेट, 916, नग 1
एकूण वजन: 16.840 ग्रॅम
निव्वळ वजन: 14.520 ग्रॅम
सोन्याची किंमत: 1,30,680.00
घडणावळ: 18,187.20
काळे मणी: 450.00
करपात्र रक्कम: 1,49,317.20
सीजीएसटी 1.5 टक्के: 2,239.76
एसजीएसटी 1.5 टक्के: 2,239.76
हॉलमार्क, करासह: 53.10
एकूण (गोल करून): 1,53,850
वजा मोड: 38,400
देय: 1,15,450

काकी सातवी शिकलेल्या, पण तोंडी हिशेबाला मला ऐकणार नाहीत. दुकानातून परतताना एसटीतच त्यांनी मनाशी मांडणी केली होती. साडेचौदा ग्रॅम नऊ हजारांनी, म्हणजे एक लाख तीस हजार. बारा टक्क्यांचे साडेपंधरा. त्यावर तीन टक्के कर, साडेचार हजारांच्या आत. कुड्यांचे अडतीस वजा केले की एक लाख बारा हजार हातात लागतील. चिठ्ठीवर त्याहून तीनएक हजार जास्त दिसत होते. लाखाच्या व्यवहारात तीन हजार म्हणजे फार नव्हे, असं मुलाचं मत. काकींचं मत वेगळं होतं.

अडचण: सगळ्या बेरजा बरोबर

मी आधी कॅल्क्युलेटरवर बेरजा तपासल्या. एकही चुकली नव्हती. हे नेहमीचंच. दुकानातलं बिल सॉफ्टवेअर बनवतं आणि सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. त्याला जो आकडा दिला तो ते इमानाने गुणतं, त्यामुळे चूक असली तर ती गुणाकारात घातलेल्या आकड्यात असते. पण फोनवर मुंबईहून काकींचा पुतण्या होता, आणि त्याच्याकडे तीन शंका तयार होत्या. त्या तिन्ही आधी निकालात काढणं भाग होतं.

पहिली शंका भावाची. पेपरात दहा ग्रॅमला 98,200 छापलं होतं, दुकानात 90,000. हा फरक फसवणुकीचा नाही. पेपरातला भाव 24 कॅरेटचा, म्हणजे शुद्ध सोन्याचा होता. 22 कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले बावीस भाग सोनं. 98,200 ला 24 ने भागून 22 ने गुणलं की 90,017 येतात. काही जण 0.916 ने गुणतात, तेव्हा 89,951 येतात. फळ्यावरचे 90,000 या दोहोंच्या मध्येच बसतात. भाव चोख होता. (काकींचं "तोळा" मी इथे दहा ग्रॅम असं धरतो. बाजारात आता तोळा म्हणजे दहा ग्रॅमच. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आणि आजीच्या वहीतलं "अर्धा तोळा" आजच्या काट्यावर कधीच जुळत नाही, त्याचं हेही एक कारण असतं.)

दुसरी शंका कराची. पुतण्याने कुठेतरी वाचलं होतं की घडणावळीवर पाच टक्के कर असतो. त्याच्या मते इथे तीनच लावला, म्हणजे बिलच खोटं. पाच टक्क्यांचा दर खरा आहे, पण तो आपलं सोनं सोनाराला देऊन त्याच्याकडून फक्त दागिना घडवून घेतला तर, त्या मजुरीवर. तयार दागिना विकत घेतला की सोनं आणि घडणावळ मिळून ती एकच विक्री धरतात आणि पूर्ण रकमेवर तीन टक्के लागतात. काकींनी कुड्या दिल्या होत्या खऱ्या, पण त्या वितळवून त्याच सोन्याचं मंगळसूत्र करायला नव्हे. त्या विकल्या होत्या. तेव्हा तीन टक्केच बरोबर. गंमत म्हणजे पुतण्याचं मानलं असतं तर 18,187 वर आणखी दोन टक्के, म्हणजे साडेतीनशेहून जास्त रुपये काकींनाच भरावे लागले असते.

तिसरी शंका मोडीची. कर काढण्याआधी मोडीचे 38,400 वजा केले तर करात 1,152 वाचतात, ते दुकानदाराने गिळले असं त्याचं म्हणणं. हा गैरसमज मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो. नव्या दागिन्याची किंमत मोड दिली म्हणून कमी होत नाही. आपण किमतीचा काही भाग नोटांनी देतो, काही भाग सोन्याने देतो, एवढंच. कर पूर्ण किमतीवर लागतो आणि मोड शेवटी वजा होते. चिठ्ठीत तसंच होतं. मोडीचा भावही वाजवी होता: 9,820 चे 82 टक्के म्हणजे ग्रॅमला 8,052, त्याचे दुकानाने गोल 8,000 दिले.

तिन्ही शंका फुकट गेल्यावर पुतण्या जरा खट्टू झाला. पण तीन हजारांचा प्रश्न होताच.

पट्टी उलटी वाचणे

वाशीची पट्टी काकी वरून खाली वाचत नाहीत. आधी हातात किती आले ते बघतात, मग हमाली, भाडं, दलाली एकेक परत मिळवत वर जातात, आणि पेटीला भाव किती पडला ते काढतात. दलालाने फोनवर सांगितलेला भाव आणि हा निघालेला भाव जुळला तर ठीक. मी त्यांना म्हटलं, "काकी, हीसुद्धा पट्टीच समजा. तशीच उलटी वाचूया."

आम्ही मोडीला हात लावला नाही. ती नव्या नगाच्या किमतीचा भाग नाही, म्हणून सुरुवात 1,53,850 पासून केली. त्यातून हॉलमार्कचे 53 काढले. हॉलमार्कचं शुल्क सोन्याच्या दागिन्याला नगामागे 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 53.10 हा आकडा बरोबरच होता. नगाचं वजन कितीही असो, हे शुल्क तेवढंच. टक्क्यात लावलेलं दिसलं तर तिथेच थांबायचं.

उरले 1,53,797. याला 1.03 ने भागलं. इथे लोक हमखास चुकतात, रकमेचे तीन टक्के काढून वजा करतात. पण कर मूळ रकमेवर लागलेला असतो, करासहित रकमेवर नाही, म्हणून भागायचं. आले 1,49,317. त्यातून काळ्या मण्यांचे 450 काढले, उरले 1,48,867. ही सोनं आणि घडणावळ मिळून रक्कम. आता निव्वळ वजनाने, म्हणजे 14.520 ने भागलं. ग्रॅमला 10,252 रुपये आले.

भाव 9,000. वर चढले 1,252. नऊ हजारांवर बाराशे बावन्न म्हणजे 13.9 टक्के. दुकानातल्या मुलाने सांगितले होते बारा.

हे जवळजवळ दोन टक्के कुठून आले, ते शोधायला चिठ्ठीतला घडणावळीचा आकडाच घेतला. 18,187.20 हे बारा टक्के असतील तर शंभर टक्के किती? 0.12 ने भागलं, 1,51,560 आले. त्याला भावाने, नऊ हजारांनी भागलं. मोबाइलच्या पडद्यावर आकडा आला 16.84.

काकी चष्मा पुढे करून बघत होत्या. चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या ता एकूण वजन."

सोन्याची किंमत निव्वळ वजनावर लावली होती, ती बरोबर. घडणावळ मात्र एकूण वजनावर, म्हणजे काळे मणी आणि दोरा धरून लावली होती. मणी 2.320 ग्रॅमचे. त्यांच्यावर सोन्याच्या भावाने किंमत धरून बारा टक्के मजुरी लागली होती. शिवाय मण्यांचे 450 वेगळे होतेच. मजुरीचे जादा 2,506 रुपये, त्यावर तीन टक्के कर, एकूण 2,581. काकींच्या अंदाजाशी उरलेला फरक मण्यांच्या साडेचारशेचा, हॉलमार्कचा आणि त्यांच्या गोल आकड्यांचा होता.

काजूबी विकताना गोणीचं वजन, म्हणजे बारदान, आधी वजा होतं. ते न करता कुणी तोलाई लावली तर घाटावर भांडणच होईल. काकींना समजावून सांगायची वेळच आली नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे गोणयेच्या वजनार पण दलाली लावल्यानी?"

पर्याय

लग्नाला आठ दिवस होते. समोर चार वाटा होत्या आणि प्रत्येकीची किंमत वेगळी होती.

मुलाला वाटत होतं, पैसे देऊन मोकळं व्हावं. तालुक्यात सराफ मोजके, उद्या पाटल्या घ्यायला पुन्हा तिथेच जायचं, अडीच हजारांसाठी तोंड कशाला वाईट करा. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

पुतण्याचं म्हणणं, सौदा मोडून दुसऱ्या गावी जावं. पण भाव बांधलेला होता. दोन दिवसांत बाजार ग्रॅमला दोनशे रुपयांनी चढला असता तर साडेचौदा ग्रॅमवर वाचवलेले सगळे पैसे तिथेच गेले असते. शिवाय बयाण्याचं काय, हे पावतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिसरी वाट घासाघिशीची. लग्नाचा नग आहे, काहीतरी कमी करा असं म्हटलं की हजार-दीड हजार सुटतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकींचा ओढा इकडे होता. मी इथे जरा अडून बसलो. सूट मागितली की दुकानदार सूट देतो आणि घडणावळीची ओळ तशीच राहते. मग ती दिलेली सूट होती की आधी चढवलेले पैसे परत आले, ते कळायला मार्ग उरत नाही. पाटल्या घेताना पुन्हा तेच.

चौथी वाट, फक्त विचारायचं: घडणावळ कोणत्या वजनावर लावली? आरोप करायचा नाही, कारण घडणावळ किती घ्यावी आणि कशावर मोजावी याला कायद्याचं बंधन नाही. दुकानदार ती ग्रॅमवर लावू शकतो, टक्क्यांनी लावू शकतो, नगाला ठोक रक्कम घेऊ शकतो. एकूण वजनावर घेतो असं आधीच सांगितलं असतं तर ती त्याची किंमत होती, आम्ही घ्यावं किंवा सोडावं. तक्रार एवढीच होती की बारा टक्के ऐकून गिऱ्हाईक जो हिशेब धरतं, तो चिठ्ठीत नव्हता, आणि चिठ्ठीवर टक्का छापलेलाही नव्हता. छापलेला असता तर काकींनी चिठ्ठी आली त्या संध्याकाळीच पकडलं असतं.

चौथी वाट ठरली.

दुकानात

सकाळी गर्दी व्हायच्या आत गेलो. काउंटरवरच्या मुलाऐवजी शेठांशीच बोलायचं ठरवलं होतं. त्या मुलाच्या हातात काही नसतं, आणि चारचौघांत त्याला खोटं पाडलं की शेठ त्याचीच बाजू घेणार. काकींनी चिठ्ठी पुढे ठेवली आणि विचारलं, "शेठ, ही घडणावळ कुठल्या वजनावर धरलीत?"

शेठांनी चिठ्ठी बघितली, मग मुलाला संगणकावर नग उघडायला सांगितला. नगाच्या नोंदीत घडणावळीसमोर "एकूण वजन" निवडलेलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं: पाटल्या, साखळी, अंगठी यांत एकूण आणि निव्वळ एकच असतं, म्हणून मुलं सगळीकडे तेच ठेवतात. मण्यांचे नग त्या मानाने कमी. ही चूक होती की सोय होती ते मला ठरवता येत नाही, आणि त्या दिवशी ठरवायची गरजही नव्हती.

पण शेठांचा दुसरा मुद्दा मला पटला. "मणी गाठवायला कारागीर लागतो. दोन पदर, मध्ये सोन्याचे मणी मोजून घालायचे. ती मजुरी मी कुठून काढू?" घाटावरच्या तोलाईत आणि यात हा फरक आहे. बारदान कुणी विणत नाही, मंगळसूत्र मात्र कुणीतरी बसून गाठवतं. मी म्हटलं, ती वेगळी लिहा. गाठवण्याचे किती ते सांगा आणि घडणावळ निव्वळ वजनावर धरा. थोडं इकडेतिकडे होऊन गाठवायचे 600 ठरले.

मग एक गोष्ट काकींनी केली जी माझ्या यादीत नव्हती. त्या म्हणाल्या, "वजन माझ्यासमोर करा." काट्याचं झाकण बंद करून, शून्य दाखवून नग ठेवला. 16.840. एकूण वजन चोख. निव्वळ वजन मात्र काट्यावर दिसत नाही. ते नगाला बांधलेल्या चिठ्ठीवरून घ्यावं लागतं. शेठांनी दुकानातली तेवढ्याच लांबीची सुटी काळी पोत दुपदरी करून काट्यावर ठेवली, ती 2.290 भरली. चिठ्ठीवर 2.320 होते, म्हणजे मणी जरा जास्तच धरले होते आणि तो फरक गिऱ्हाइकाच्या बाजूने होता. पण सगळे मणी एका वजनाचे नसतात. ही खात्री नव्हे, अंदाजच.

वाट्या पोकळ असतील तर आत लाख भरलेली असू शकते, आणि ती निव्वळ वजनात सोनं म्हणून जाते, हेही विचारून घेतलं. या वाट्या पत्र्याच्या, मागून उघड्या होत्या. दिसतच होतं. वाट्यांच्या मागचं हॉलमार्क भिंगातून बघितलं: बीआयएसचं चिन्ह, 22K916, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो बीआयएस केअर अॅपमध्ये घातला तेव्हा दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली. त्याला दोन मिनिटं लागली.

निष्पत्ती

पक्कं बिल असं झालं. सोनं 1,30,680. घडणावळ, निव्वळ वजनावर 12 टक्के, 15,681.60. काळे मणी 450. गाठवणं 600. करपात्र 1,47,411.60. दोन्ही कर मिळून 4,422.34. हॉलमार्क 53.10. एकूण 1,51,887, त्यातून मोड 38,400, देय 1,13,487.

आदल्या दिवशीच्या चिठ्ठीपेक्षा 1,963 रुपये कमी. हिशेबाने निघालेले 2,581 पूर्ण सुटले नाहीत, कारण गाठवण्याचे 600 आणि त्यावरचा कर आम्ही मान्य केला होता. घासाघिशीत कदाचित एवढेच सुटले असते, हे मुलाने परतीच्या वाटेवर ऐकवलं. खरं आहे. पण बिलावर आता "घडणावळ 12 टक्के, निव्वळ वजनावर" असं छापलेलं होतं, आणि दिवाळीत पाटल्या घेताना काकींनी आधी तेच बिल पुढे केलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक बयाणा देताना झाली. भाव बांधला, पण घडणावळीचा टक्का आणि तो कोणत्या वजनावर, हे बयाण्याच्या पावतीवर लिहून घेतलं नाही. भाव तर फळ्यावर सगळ्यांना दिसतो. हातचलाखीला किंवा विसरभोळेपणाला जागा असते ती घडणावळीत, आणि नेमकी तीच तोंडी राहिली. त्या पावतीवर दोन वजनं, भाव आणि टक्का एवढे चार आकडे असते तर दुसऱ्या दिवशीची फेरी वाचली असती.

दुसरं, मोड देण्याआधी नव्या नगाची चिठ्ठी पूर्ण करून घ्यायला हवी होती. मोड मध्ये आली की डोळा देय रकमेवर जातो. पुतण्याच्या तीनपैकी दोन शंका मोडीमुळेच उठल्या, आणि त्यांत आमचा अर्धा तास गेला.

तिसरी गोष्ट निव्वळ वजनाची, आणि ती अजून सुटलेली नाही. चिठ्ठीवरच्या निव्वळ वजनात शंभर मिलीचा फरक असेल, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, तर भावाचे 900, त्यावर घडणावळ आणि कर मिळून 1,038 रुपये होतात. घडणावळीतला जो फरक आम्ही एवढ्या खटाटोपाने शोधला, त्याच्या निम्म्याच्या जवळपास हे एका दशांशात जातं. गाठवलेल्या नगात हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: साखळी, वाट्या आणि सोन्याचे मणी गाठवण्याआधी समोर तोलून घ्यायचे आणि मग मणी ओवायला द्यायचे. तयार नग पसंत केला की ही संधी जाते. लग्नाला आठ दिवस असताना नग उसवा असं म्हणायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही.

काकींनी मात्र ते मनात ठेवलंय. काळ्या मण्यांचा दोरा दोन-तीन वर्षांत झिजतो आणि मंगळसूत्र पुन्हा गाठवायला टाकावंच लागतं. सुनेला त्यांनी सांगून ठेवलंय, "गाठवूक देशीत तेव्हा नुसता सोना आधी काट्यार घाल आणि माका आकडो सांग." बिल त्यांनी आंब्याच्या पट्ट्यांच्या फायलीत लावलंय, आणि 14.520 च्या भोवती पेनाने गोल केलाय.